मुदत उलटलेल्या कामाबद्दल सहकाऱ्याला लिहायचंय, मसुदा बघाल का?

अबोली_फोंडा · १७ तारीख, सकाळी ७:५०

कुंडईला एका खोके बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात मी अकाउंट्स बघते. आमच्या स्टोअरला एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, वयाने माझ्या बाबांएवढे. सगळे त्यांना 'बाब' म्हणतात, मीही म्हणते. माणूस अतिशय चांगला. चवथीला माटोळीचं सामान बांधून घरी पाठवणारा.

दर महिन्याला १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर २बी येतं. पुरवठादारांनी आमच्या नावावर कुठली बिलं लावली त्याची ती यादी. या वेळी त्यातली ४३ बिलं अशी निघाली की माल आल्याची स्टोअरची पावती माझ्याकडे नाही. माल हातात आल्याशिवाय त्या बिलावरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही, म्हणून ती यादी मी १४ला संध्याकाळी बाबांना मेल केली आणि प्रिंटही दिली. "१६ला दुपारपर्यंत देतों" असं ते स्वतः म्हणाले होते. आज १७. काल दिवसभर मी गप्प राहिले. २०ला ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी विवरण, भरायचं आहे आणि सीए १९ला सकाळी आकडे मागतात.

बसमध्ये बसून हा मसुदा लिहिलाय:

> नमस्कार बाब, जेंटल रिमाइंडर. ४३ बिलांचे काम अजून पेंडिंग आहे. काल द्यायचे ठरले होते. कृपया लवकरात लवकर करून द्यावे. काही अडचण असल्यास सवडीने कळवावे. धन्यवाद.

वाचताना मलाच कसंतरी होतंय. उद्धट वाटतोय की लाचार, तेच कळेना. काय बदलू?

---

सडेतोड · सकाळी ८:१२

लाचार. सरळ लिहा. साहेबाला सीसीमध्ये ठेवा आणि खाली एक ओळ टाका: "आज संध्याकाळपर्यंत न मिळाल्यास विवरण उशिरा जाऊन रोज ५० रुपये लेट फी आणि वर १८ टक्के व्याज लागेल, त्याची जबाबदारी स्टोअरची." तासाभरात यादी टेबलावर असेल. मी हेच करतो.

---

निळी_टिक · सकाळी ८:२०

अबोली, उशीर सगळ्यांकडूनच होतो, एवढं मनाला लावून घेऊ नका. बाबांची प्रत्यक्ष भेटून माफी मागा आणि दोन दिवस जास्त मागून घ्या. मोठी माणसं समजून घेतात.

---

अबोली_फोंडा · सकाळी ८:२४

@निळी_टिक, उशीर माझ्याकडून नाही झालेला. मी वाट बघतेय. :)

---

निळी_टिक · सकाळी ८:२५

अरेच्चा! उलटं वाचलं. चहा व्हायचाय अजून.

---

निवृत्त_प्लॅनर · सकाळी ८:४१

जहाजबांधणीत सत्तावीस वर्षं वेळापत्रक सांभाळलंय. दुसऱ्याच्या टेबलावरचं काम कुठवर आलं हे विचारत फिरणं, हीच माझी नोकरी होती. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

तुमच्या मसुद्याचा सूर ठीक आहे. खोट दुसरीकडे आहे. पुन्हा वाचून बघा, त्यात एकही प्रश्नचिन्ह नाही. तुम्हाला दोन गोष्टी हव्यात: काम कुठवर आलंय आणि उरलेलं कधी मिळेल. दोन्हींपैकी एकही तुम्ही विचारलेली नाही. समोरचा माणूस वाचणार, मनात "हो, करायचंय" म्हणणार आणि फोन खिशात टाकणार. उत्तर द्यायला त्याला जागाच ठेवलेली नाही तुम्ही.

दुसरं, "लवकरात लवकर" आणि "सवडीने" एकाच निरोपात. माणूस यातलं सोयीचं तेवढंच वाचतो. मीही तेच करीन.

तिसरं, "काही अडचण असल्यास". अडचण आहेच असं धरून चाला. तीन दिवसांत चाळीसेक बिलं बघायला अनुभवी स्टोअरकीपरला जड नाही. झाली नाहीत त्याअर्थी काहीतरी आडवं आलंय. "अडचण आहे का" असं विचारलं की ज्येष्ठ माणूस "नाही गो, जातलें" म्हणणार. "कशाला अडलंय" असं विचारलं की कारण सांगेल.

मसुद्याकडे नंतर येऊ. आधी सांगा, तुम्ही दिलेल्या यादीत रकाने कुठले होते?

---

अबोली_फोंडा · सकाळी ८:५५

पुरवठादाराचा जीएसटी नंबर, बिल नंबर, बिलाची तारीख, मालाची किंमत, कर. २बीच्या एक्सेलमधूनच घेतले. नावाचा रकाना काढला, कारण प्रिंट एका पानावर बसत नव्हती.

---

निवृत्त_प्लॅनर · सकाळी ८:५८

आणि बाबांच्या रजिस्टरात नोंद कशाने होते?

---

अबोली_फोंडा · सकाळी ९:०६

गेट एन्ट्री नंबर, पुरवठादाराचं नाव, चलन नंबर, गाडी नंबर.

अरे देवा.

---

सडेतोड · सकाळी ९:१०

म्हणजे माणसाने पंधरा अंकी जीएसटी नंबर बघून ओळखायचं की हा कोल्हापूरचा कागदवाला की म्हापशाचा शाईवाला? बरं झालं मी म्हटलं तसं साहेबाला सीसी करून पाठवलं नाहीत ते. :)

लेट फीचं मात्र लिहाच हं.

---

निवृत्त_प्लॅनर · सकाळी ९:३०

@सडेतोड, लेट फीचे आकडे तुमचे बरोबर आहेत, पण इथे ते लागू होत नाहीत. अबोली यादी न मिळाली तरी ३बी २०च्या आत भरणारच. फक्त या ४३ बिलांचं क्रेडिट या महिन्यात वापरता येणार नाही. तेवढा कर आता बँकेतून रोख भरायचा आणि माल आल्याचं नक्की झालं की पुढच्या एखाद्या महिन्यात क्रेडिट घ्यायचं. अबोली, असंच ना?

उशिराचा परिणाम सांगायचा तर जो खरा आहे तोच सांगावा. बाबांनी इतकी वर्षं कारखाना बघितलाय. मुलगी घाबरवतेय हे त्यांना एका वाक्यात कळेल, आणि पुढच्या वेळी तुमची खरी तारीखही ते खोटी धरतील. आमच्याकडे एक इंजिनिअर होता, प्रत्येक मेलला 'अर्जंट' लिहायचा. दोन महिन्यांत त्याचे मेल कोणी उघडेनासं झालं.

---

अबोली_फोंडा · सकाळी ९:४४

हो, तसंच. ४३ बिलांवरचा कर मिळून साधारण २ लाख १६ हजार आहे. सगळं अडकलं तर तेवढे पैसे आता बाहेर काढावे लागतील. बुडणार नाहीत, पण साहेब विचारतीलच. सीए म्हणतात की माल नाही आला ती बिलं विवरणात दाखवून रिव्हर्स करायची, नंतर परत घ्यायची. बेतशीर आहे सगळं, फक्त कुठली बिलं त्यात टाकायची ते मला माहीत पाहिजे.

नवीन यादी करायला घेतलीय. नाव आणि आमच्या ऑर्डरचा नंबर टाकून, नावाप्रमाणे लावून. दोन पानं होतायत, होऊ देत.

---

कुळागर · सकाळी ९:५२

माझंही असंच चाललंय. केरीच्या घरी स्वयंपाकघराची कपाटं करायला सुतार लावलाय. मे महिन्यात आगाऊ रक्कम घेतली, म्हणाला पावसाआधी देतो. मग म्हणाला आषाढी झाली की देतो. आता म्हणतो चवथीनंतर. बायको म्हणते तुझ्या फोनची त्याला आता सवय झालीय. त्याला काय लिहू?

---

वास्कोची_वैनी · सकाळी १०:०५

@कुळागर, सुताराचा धागा वेगळा काढा हो, तो शंभर प्रतिसादांवर जाईल. पण "चवथीनंतर" हे छान काढलंत. आमच्या ऑफिसात जुलैपासून हीच तारीख चालते. चवथीनंतर म्हणजे कधी? कोणाचा गणपती दीड दिवसाचा, कोणाचा पाच, कोणाचा सात, कोणाचा नऊ. मी आता सरळ विचारते, "तुमचा गणपती किती दिवसांचा?" आणि त्यात दोन दिवस मिळवून कॅलेंडरवर बोट ठेवते. हसतात, पण तारीख मिळते.

अबोली, एक सांगते. पाठवण्याआधी ते कामावर आहेत ना, बघून घे. मी एकदा एकाला असाच नेटका रिमाइंडर पाठवला, आणि त्याच्या वडिलांचं बारावं होतं त्या दिवशी. निरोपात चूक काहीच नव्हती. तरी अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

---

अबोली_फोंडा · सकाळी १०:११

आहेत. आत्ताच त्यांची स्कूटर दिसली. कागदाच्या रोलची गाडी लागलीय, ते खाली उतरवून घेतायत.

---

निवृत्त_प्लॅनर · सकाळी १०:२०

मग आत्ता पाठवू नका. गाडी खाली होऊ द्या. हातात चलन, समोर हमाल, आणि खिशात फोन वाजला की माणूस तो नुसता बघतो. निळी टिक पडते, उत्तर राहतं, आणि मग तो निरोप वर वर सरकत जातो. गाडी गेली की लगेच पाठवा.

आता मसुदा. मी असा लिहिला असता, तुमच्या बोलण्यात बसवून घ्या:

> बाब, नमस्कार. १४ला मी ४३ बिलांची यादी दिली होती, ती आपण १६ला दुपारपर्यंत बघून देणार होता. काल माझ्या लक्षात आलं की यादीत मी पुरवठादाराचं नावच घातलं नव्हतं. नावासकट नवी यादी सोबत पाठवते आहे.
>
> जुन्या यादीवरून किती बिलं बघून झाली आहेत? आणि उरलेली कशाला अडली आहेत?
>
> सीएंना मला १९ला सकाळी १० वाजता आकडे द्यायचे आहेत. उरलेल्या बिलांसाठी कुठला दिवस धरू? १८ला संध्याकाळी ५ पर्यंत सगळी होण्यासारखी नसतील तर झालेली तेवढी तेव्हा द्या. बाकीची या महिन्यात न घेता पुढे घेईन. फक्त तेवढा कर आत्ता रोख भरावा लागेल.
>
> आज ४ पर्यंत दोन ओळी कळवाल का?

यात "अजून" हा शब्द नाही, बघा. "अजून दिलं नाही" म्हटलं की बोट रोखल्यासारखं वाटतं. "१६ला देणार होता" म्हटलं की तारीख आपली आपण बोलते.

---

बार्देसकर · सकाळी १०:३४

मसुदा उत्तम, पण भाषा? बाब स्टोअरमध्ये कोंकणी बोलत असणार. अबोली त्यांच्याशी रोज कोंकणीत बोलत असेल आणि अचानक असा शुद्ध मराठी निरोप गेला तर त्यांना नोटीस आल्यासारखं वाटेल. आमच्याकडे घरचं कोंकणीत, कागदावरचं मराठीत आणि भांडण इंग्लिशमध्ये. भाषा बदलली की माणूस आधी सावध होतो, मजकूर नंतर वाचतो.

---

अबोली_फोंडा · सकाळी १०:४०

बोलतो कोंकणीतच. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ते मला मराठीतच लिहितात, शाळा मराठी त्यांची. अक्षर तर असं की बघत राहावं. त्यामुळे मराठीच ठेवते. "आपण" मात्र काढते. "तुम्ही देणार होता" असं लिहीन. "आपण" म्हटलं की मी बँकेतून बोलतेय असं वाटतं.

एक शंका. "काल माझ्या लक्षात आलं" हे खोटं आहे. आज आलं, आणि तेही तुम्ही विचारल्यावर.

---

निवृत्त_प्लॅनर · सकाळी १०:४३

बरोबर. "आज" करा. माझी चूक.

---

सडेतोड · सकाळी १०:५०

ठीक, माझी लेट फी मागे घेतो. पण सीसीचं काय? उद्या साहेबाने विचारलं की २ लाख रोख का भरले, तर तुमच्याकडे दाखवायला काय? व्हॉट्सअ‍ॅपवरचं गोड बोलणं? लेखी आणि साहेबाच्या डोळ्यांखाली असलेलं बरं. मी पोळलोय, म्हणून सांगतो. एका माणसासाठी सहा महिने गप्प राहिलो आणि शेवटी उशीर माझ्याच नावावर लागला.

---

वास्कोची_वैनी · सकाळी ११:०२

सीसी हा निरोप नसतो रे, ती तक्रार असते. पहिल्याच विचारणेला तक्रार? बाबांसारखा माणूस त्या दिवशी यादी देईल आणि पुढे वर्षभर तुझं प्रत्येक काम नियमावर बोट ठेवून करील. मी एचआरमध्ये होते, असले सीसी माझ्याच टेबलावर येऊन पडायचे.

---

निवृत्त_प्लॅनर · सकाळी ११:१५

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. माझी पद्धत अशी होती: पहिली विचारणा फक्त त्या माणसाला. त्याने दिलेली नवी तारीखही चुकली तर दुसऱ्या विचारणेआधी त्याला सांगायचं की आता मला वर कळवावं लागेल, कारण माझं पुढचं काम हलतंय. आणि मग खरंच कळवायचं. त्याच्या पाठीमागे नाही. पण इथे अडचण आहे, हातात दोनच दिवस आहेत. दुसऱ्या विचारणेला जागा फार कमी. अबोली, साहेबांना तुम्ही तोंडी एवढंच सांगू शकता की या महिन्यात रोख थोडी जास्त लागेल असं दिसतंय, उद्या संध्याकाळी नक्की आकडा देते. त्यात बाबांचं नाव यायची गरज नाही. ते माझ्या मते पैशाबद्दलचं वेळेवर कळवणं झालं, माणसाबद्दलची तक्रार नव्हे.

---

सडेतोड · सकाळी ११:२०

आणि साहेबाने विचारलं "का लागेल" तर?

---

निवृत्त_प्लॅनर · सकाळी ११:२४

तर खरं सांगायचं: यादी तपासली जातेय. एवढं तर खरंच आहे.

---

सडेतोड · सकाळी ११:२५

पटलं नाही, पण असो.

---

अबोली_फोंडा · सकाळी ११:४८

गाडी गेली. पाठवला. शेवटची ओळ "आज ४ पर्यंत दोन ओळी कळवाल का? नाहीतर मी चहाच्या वेळी स्टोअरला येऊन जाते" अशी केली. नवी यादी जोडली, आणि दोन पानी प्रिंट शिपायाकडे दिली.

---

अबोली_फोंडा · दुपारी १२:३०

उत्तर आलं. एक शब्द. "पळयतां."

---

बार्देसकर · दुपारी १२:३३

हा हा! गोव्याचं सगळं वेळापत्रक या एका शब्दावर चालतं.

---

कुळागर · दुपारी १२:३६

माझा सुतार "करतां" म्हणतो. ते "पळयतां"पेक्षा वरचं की खालचं?

---

वास्कोची_वैनी · दुपारी १२:४१

माझ्या अनुभवात "पळयतां" म्हणजे वाचलं. "करतां" म्हणजे वाचलं आणि वाईट वाटलं. "फाल्यां" म्हणजे आज नाही एवढंच नक्की.

---

निवृत्त_प्लॅनर · दुपारी १२:५५

थट्टा सोडा. "बघतो" हे नकारार्थी उत्तर नव्हे, पण तारीखही नव्हे. लोक इथेच चुकतात. उत्तर आलं म्हणून हायसं वाटतं आणि विषय बंद होतो. दोन दिवसांनी कळतं की तारीख कोणी दिलीच नव्हती.

तुम्ही ४ वाजताचं म्हटलंय, तेव्हा ४ पर्यंत थांबा. मध्ये परत टोचू नका. ४ला चहाला जा आणि यादी हातात धरून, एकेका बिलावर नाही, गठ्ठ्यावर विचारा. किती झाली, किती कुठे अडली. उत्तर कागदाच्या कडेला लिहून घ्या, तुमच्या नाही, त्यांच्याच प्रतीवर, त्यांच्यासमोर.

---

अबोली_फोंडा · संध्याकाळी ५:२०

जाऊन आले. पूर्ण सांगते, कारण मला अपेक्षा नव्हती.

त्यांनी जुनी प्रिंट खिशातून काढली. घडी घालून घालून मधोमध फाटलेली. बिल नंबरांवरून त्यांनी २८ बिलं शोधून काढली होती, नाव नसताना! चलनाच्या फायली एकेक उलटून. प्रत्येकापुढे बारीक अक्षरात गेट एन्ट्री नंबर. मग थांबले होते, कारण उरलेल्या १५चा काहीच पत्ता लागत नव्हता, आणि "अर्धी यादी कशी देऊ, मुलीला वाटेल काम केलं नाही" असं त्यांच्या मनात. १६ला दुपारी ते दोनदा माझ्या टेबलापर्यंत येऊन गेले होते म्हणे. मी जेवायला गेले होते आणि मग बँकेत.

नव्या यादीवर नाव बघितल्याबरोबर १५पैकी ११ त्यांनी तिथेच ओळखली. तो माल आमच्या वेर्णाच्या गोदामात परस्पर उतरतो, कुंडईच्या गेटवर त्याची नोंदच होत नाही. त्या पावत्या तिथल्या मुलाकडे आहेत. राहिली ४. त्यातली तीन बेळगावच्या एकाच पुरवठादाराची आहेत, बिल लावलंय पण गाडी अजून आलेली नाही. चौथं काय आहे ते त्यांनाही माहीत नाही.

तारीख विचारली. म्हणाले, "वेर्णेचें फाल्यां दनपारां." मी म्हटलं, १ वाजता की ३? हसले आणि म्हणाले ३. मी त्यांच्याच प्रतीवर लिहिलं: "११ बिलं, वेर्णा, १८ दु. ३." खाली त्यांनी सही केली, मी न सांगता. चारबद्दल काही लिहिलं नाही.

---

बार्देसकर · संध्याकाळी ५:३१

त्या फाटलेल्या कागदाने मला चूप केलं.

---

निवृत्त_प्लॅनर · संध्याकाळी ५:५०

अर्धं झालेलं काम लोक लपवतात ते याच कारणाने. म्हणून "झालं का?" असं विचारू नये. त्याला हो आणि नाही एवढी दोनच उत्तरं, आणि २८ बिलं केलेल्या माणसाला "नाही" म्हणावं लागतं. "कुठवर आलंय" विचारलं असतं तर १६लाच तुमच्या हातात २८ असती.

आता एक छोटं काम राहिलं. तोंडी ठरलं ते दोन ओळीत लिहून पाठवा. आभार, किती झाली, काय ठरलं. नवीन काहीच घालू नका. वेर्णाच्या मुलालाही बाबांनाच सांगू दे, तुम्ही परस्पर फोन करू नका.

---

सडेतोड · संध्याकाळी ६:०२

सही घेतलीय ना? मग परत लिहायचं कशाला? हे जरा जास्तच होतंय.

---

अबोली_फोंडा · संध्याकाळी ६:१५

पाठवला, कारण ती सही त्यांच्या खिशात आहे, माझ्याकडे नाही. :)

> बाब, २८ बिलांबद्दल खूप आभार. नाव नसताना तुम्ही ती शोधलीत हे मला माहीत नव्हतं. वेर्णाची ११ उद्या १८ला दुपारी ३ वाजता मिळतील असं धरून चालते. वेळ बदलली तर १ च्या आत सांगाल. उरलेली ४ मी या महिन्यात घेत नाही, ती माझ्याकडे आहेत, तुम्ही त्यांच्यामागे लागू नका.

उत्तरात एक अंगठा आला. तो तारखेला की आभाराला, कळलं नाही.

चार बिलांचा कर मिळून ३१ हजार होतो. म्हणजे २ लाख १६ हजारांऐवजी आता फार तर ३१ हजारच रोख, वेर्णाचं उद्या नीट आलं तर. साहेबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगू का उद्या, की ३ वाजेपर्यंत थांबू?

---

वास्कोची_वैनी · संध्याकाळी ६:२२

थांब.

---

सडेतोड · संध्याकाळी ६:२३

आत्ता सांग.

---

अबोली_फोंडा · १८ तारीख, दुपारी ३:४०

३:१०ला वेर्णाचा मुलगा स्वतः मोटारसायकलवरून पावत्या घेऊन आला. ११ म्हणून आणल्या, मोजल्या तर १०. एक चलन पावसात भिजून चिकटलंय, नंबर वाचता येत नाही. त्याचा फोटो मागवलाय. साहेबांना सकाळीच सांगितलं, फक्त आकडा. ते "बरं" म्हणाले.

बाबांनी चौथ्या बिलाचा शोध लावला, मी नको म्हटलं असूनही. ते आमचं नाहीच. नावात साधर्म्य असलेल्या दुसऱ्या कारखान्याचं बिल पुरवठादाराने चुकून आमच्या नंबरवर लावलंय. ते दुरुस्त करून घ्यायचं काम माझं. आता त्या पुरवठादाराच्या अकाउंटंटला लिहायचंय. तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही.

---

कुळागर · दुपारी ३:५५

मी पण सुताराला विचारलं, "कुठवर आलंय, कशाला अडलंय?" म्हणाला, लाकूड कापून झालंय, बिजागऱ्या तुम्ही आणून देणार होता.

मीच आणून देणार होतो.